«नोटीस मिळालीच नाही»: भाड्याचं घर सोडताना पत्र पोचल्याचा पुरावा कसा ठेवायचा

अनामत रकमेच्या भांडणांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. भाडेकरू घर रिकामं करतो, चावी देतो, डिपॉझिट मागतो. मालक म्हणतो, «एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची होती, ती मला मिळालेली नाही, म्हणून एक महिन्याचं भाडं कापतोय.» भाडेकरू फोन दाखवतो, त्यात «काका, मे अखेर घर सोडतोय» असा निरोप असतो आणि खाली मालकाचा अंगठा. मालक म्हणतो, «ते मी नुसतं वाचलं होतं, नोटीस म्हणून नाही.» करारात «लेखी नोटीस» असे शब्द असतील, तर त्याचं म्हणणं कितीही खोडसाळ असलं तरी ते खोडून काढायला कागद लागतो.

हे लिखाण लिव्ह अँड लायसन्स करारापुरतं आहे. महाराष्ट्रात घरं बहुतेक याच करारावर, बहुधा अकरा महिन्यांसाठी, दिली जातात. कायद्याच्या भाषेत मालक परवाना देणारा आणि राहणारा परवानाधारक, पण इथे सोयीसाठी मालक आणि भाडेकरूच म्हणू.

आधी करारातलं नोटिशीचं कलम काढा

पत्र लिहायला बसण्याआधी नोंदणी झालेल्या कराराची पीडीएफ उघडा आणि मुदतीपूर्वी करार संपवण्याचं कलम वाचा. बघायच्या गोष्टी तीन. नोटीस किती मुदतीची, ती मुदत पत्र पाठवल्यापासून मोजायची की मिळाल्यापासून, आणि नोटीस कुठे व कशी पाठवायची. बऱ्याच तयार मसुद्यांत «एक महिन्याची लेखी नोटीस» एवढंच असतं. काहींत «वर नमूद केलेल्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने» असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर ईमेल कितीही पक्का असला तरी तो जोडीला, मुख्य पत्र पोस्टानेच.

लॉक-इनचं, म्हणजे ठराविक काळ करारात बांधून ठेवणारं कलमही इथेच वाचून घ्या. लॉक-इन चालू असताना नोटीस देता येते की ती संपल्यावरच द्यायची, यावर कलमाची भाषा ठरलेली नसते. «पहिल्या सहा महिन्यांत करार संपवता येणार नाही» आणि «पहिल्या सहा महिन्यांत नोटीस देता येणार नाही» ही दोन वाक्यं सारखी वाटतात, पण पहिल्यात पाचव्या महिन्यात नोटीस देऊन सातव्यात निघता येतं, दुसऱ्यात नाही.

मालक दोघे असतील, म्हणजे नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर फ्लॅट असेल, तर पत्र दोघांच्या नावे स्वतंत्र पाठवा. करारावर मालकाच्या वतीने कुलमुखत्यारपत्र घेतलेल्या नातेवाइकाने सही केली असेल, तर मालकाला एक आणि त्या नातेवाइकाला एक. ब्रोकरला सांगणं म्हणजे मालकाला सांगणं नव्हे. करारात ब्रोकरचं नाव बहुधा नसतं, आणि ऐन वेळी तोही «मी तर बोललो होतो» इतकंच म्हणतो.

पोचच्या पुराव्यात नेमकं काय सिद्ध करायचं असतं

पत्र गेलं, एवढं पुरत नाही. काय गेलं, कोणाला गेलं, कुठे गेलं आणि कधी पोचलं, या चारही गोष्टी कागदावर दिसाव्या लागतात. सहीची पोच, पोस्ट आणि ईमेल या तिन्ही मार्गांत यातलं काही ना काही लंगडं राहतं. पोस्टाची पावती नाव, पत्ता आणि तारीख सांगते, पण पाकिटात काय होतं ते सांगत नाही. ईमेल मजकूर जसाच्या तसा दाखवतो, पण समोरच्याच्या पेटीत तो कधी आला हे तुमच्या बाजूने नीट दिसत नाही. सहीची पोच सगळंच सांगते, फक्त समोरच्याने सही केली तर. म्हणून या तिन्हींची जोडी लावायची असते. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते.

सहीची पोच: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात पक्की

मालक त्याच गावात असेल आणि संबंध अजून बरे असतील, तर आधी हेच करा. पत्राच्या दोन प्रती काढा. मूळ प्रत त्यांना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर खाली त्यांच्याच हाताने लिहून घ्या: «मूळ प्रत मिळाली», पूर्ण नाव, तारीख, वेळ, सही. नुसती सही घेऊ नका. तारखेशिवायच्या सहीवर पुढे «हे मला महिनाअखेरीस दिलं» असं म्हणायला जागा उरते.

अनेक मालक सही करायला कचरतात, कारण सही म्हणजे पत्रातला मजकूर मान्य, असं त्यांना वाटतं. यावर सोपा उपाय आहे. पोचीच्या ओळीतच लिहा: «फक्त पत्र मिळाल्याची पोच, मजकुराबाबत माझं म्हणणं राखून.» ही ओळ तुमचं काही बिघडवत नाही. तुम्हाला संमती नको आहे, पत्र पोचल्याची नोंद हवी आहे. ही ओळ वाचल्यावर बहुतेक जण सही करतात.

मालक घरी नसेल आणि बायको, मुलगा किंवा आई पत्र घेत असेल, तर नाव आणि नातं दोन्ही लिहून घ्या. सोसायटीच्या वॉचमनकडे पत्र ठेवून येऊ नका. त्याच्या वहीतली नोंद पुढे सापडत नाही, आणि सापडली तरी ती मालकाची पोच ठरत नाही. मालक कंपनी असेल, तर कंपनीच्या कार्यालयातल्या आवक विभागात द्या. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आणि सही नाकारली तर? दारात वाद घालू नका, प्रत सक्तीने हातात कोंबू नका. सरळ पोस्टात जा.

पोस्ट: पावती, ट्रॅकिंग आणि २०२५ नंतरचा बदल

पूर्वी लोक «आरपीएडी करून टाक» म्हणायचे, म्हणजे रजिस्टर्ड पोस्ट आणि सोबत सहीसाठी ते पोचपत्र. १ सप्टेंबर २०२५ पासून भारतीय डाक विभागाने देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं आहे. म्हणजे आता खिडकीवर स्पीड पोस्टच होतं आणि त्यावर «नोंदणी» ही जादा सेवा घ्यावी लागते. शहराबाहेर ५० ग्रॅमपर्यंतच्या पत्राचे दर ऑक्टोबर २०२५ पासून ₹४७ आणि जीएसटी, त्यावर नोंदणीचे ₹५ आणि जीएसटी. कलमात «रजिस्टर्ड पोस्ट» असेल तर ही नोंदणी वगळून चालणार नाही. खिडकीवरच्या माणसाला «स्पीड पोस्ट, नोंदणीसह, आणि डिलिव्हरीचा पुरावाही हवा» असं स्पष्ट सांगा. न सांगितल्यास साधं स्पीड पोस्ट होतं.

नोंदणीचा फरक कागदी नाही. साधं स्पीड पोस्ट पत्त्यावर जातं, म्हणजे त्या पत्त्यावर जो असेल त्याच्या हाती दिलं जाऊ शकतं. नोंदणी केलेलं पत्र ज्याच्या नावे आहे त्याला किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसालाच द्यायचं असतं. मोठ्या सोसायट्यांत टपाल गेटवरच थांबतं, तिथे हा फरक उपयोगी पडतो.

डाक विभागाने याच सुमारास आणखी एक सेवा आणली, ओटीपी सांगितल्यावरच पत्र देण्याची. ऐकायला भक्कम वाटते. पण ज्याला पत्र नकोच आहे तो ओटीपी कशाला सांगेल? बँकेच्या कार्डासाठी ती छान आहे, नोटिशीसाठी घेऊ नका.

पावती हाती आली की तिथेच उभं राहून वाचा. मालकाचं नाव, गाव आणि पिनकोड बरोबर आहे का? पिनकोडचा एक आकडा चुकला तर पत्र भलत्याच गावी फिरून येतं आणि «पत्ता योग्य लिहिला होता» हा तुमचा मुख्य आधारच जातो. पावतीची शाई काही महिन्यांत पुसट होते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा. पावतीवर तेरा अक्षरांचा क्रमांक असतो. सुरुवातीला इंग्रजी `E` पासून सुरू होणारी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी `IN`. तोच डाक विभागाच्या संकेतस्थळावर टाकून पत्र कुठे आहे ते पाहता येतं. ही माहिती तिथे कायम राहत नाही. पत्र पोचल्याचं दिसताच, पान पूर्ण दिसेल असा स्क्रीनशॉट आणि पीडीएफ प्रिंट, दोन्ही काढून ठेवा.

कुरिअर स्वस्त पडतं, घरून घेऊनही जातात. तरी मुख्य पत्रासाठी नको. कायदा पोस्टाच्या पत्राला जो खास आधार देतो, तो कुरिअरच्या पावतीला तितक्या सहज मिळत नाही. तो आधार म्हणजे १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याचं कलम २७. कायद्याने पोस्टाने द्यायच्या कागदाबाबत ते सांगतं, की योग्य पत्ता घालून, पोस्टेज भरून रजिस्टर्ड पोस्टाने पत्र टाकलं की, उलट सिद्ध होईपर्यंत, ते नेहमीच्या टपालाच्या वेळेत पोचलं असं धरायचं. याच धर्तीचं गृहीतक पुराव्याच्या कायद्यातही आहे. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ मध्ये सापडतं.

पत्र परत आलं तर

बहुतेक जण इथे हातपाय गाळतात, आणि खरं तर इथेच घाबरण्यासारखं सगळ्यात कमी असतं. परत आलेल्या पाकिटावर पोस्टमनचा शेरा असतो. तो कोणता आहे त्यावर पुढचं ठरतं.

«घेण्यास नकार» असेल तर तुमचं काम झालं असं समजा. मालकाने पाकीट पाहिलं आणि परत धाडलं. पत्र घेतलं नाही म्हणून ते पोचलं नाही, असं त्याला म्हणता येत नाही.

«घर बंद» किंवा «मागणी केली नाही» हा शेरा म्हणजे पोस्टमन गेला, निरोपाची चिठ्ठी ठेवली, पत्र पोस्टात साधारण सात दिवस थांबलं, पण कोणी नेलं नाही. चेक न वटल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २००७ मध्ये हाच कलम २७ चा आधार उचलून धरला. पत्ता बरोबर असेल तर नोटीस पोचली असं गृहीत धरता येतं, आणि ते तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी पत्र घेणाऱ्यावर येते. ते प्रकरण चेकचं होतं, भाड्याचं नव्हे. तरी भाड्याच्या वादातही वकील तेच बोट धरतात.

«अपूर्ण पत्ता» किंवा «पत्त्यावर राहत नाही» हे मात्र तुमच्या बाजूचे शेरे नाहीत. पहिल्यात चूक तुमची ठरू शकते. दुसऱ्यात मालकाने पत्ता बदलला असेल, तर करारातल्या पत्त्यावर पाठवल्याचा पुरावा म्हणून हे पाकीट ठेवा आणि त्याच दिवशी नव्या पत्त्यावर दुसरं पत्र टाका. नवा पत्ता कुठून मिळाला, सोसायटीकडून की मालकाच्याच एखाद्या ईमेलमधून, हेही लिहून ठेवा.

परत आलेलं पाकीट उघडू नका. बंद पाकीट शेऱ्यासह तसंच राहिलं तर ते पुढे न्यायालयासमोर उघडता येतं, आणि आत नेमकं कोणतं पत्र होतं हे तिथे सगळ्यांसमोर दिसतं. घरी कुतूहलाने फाडलेल्या पाकिटाला ती किंमत राहत नाही.

«पाकिटात कोरा कागद होता»

हेही म्हटलं जातं, हसू नका. पोस्टाची पावती पाकिटाच्या पोटातलं सांगत नाही, त्याचाच हा फायदा. उपाय असा, की पत्राच्या वरच्या कोपऱ्यातच «नोंदणीकृत स्पीड पोस्टाने आणि ईमेलने» असं लिहा. सही केलेल्या पत्राचा स्कॅन काढा. पोस्टातून बाहेर पडल्या पडल्या तोच स्कॅन पोस्टाच्या पावतीच्या फोटोसह ईमेलने पाठवा, आणि ईमेलमध्ये पावतीवरचा क्रमांक टाका. आता पाकिटात कोरा कागद होता असं म्हणणाऱ्याला त्याच दिवशी, त्याच पावतीसह आलेल्या ईमेलचंही उत्तर द्यावं लागतं. शिवाय पाकिटावर पत्त्याच्या वर एका ओळीत «विषय: लिव्ह अँड लायसन्स करार संपवण्याची नोटीस» लिहायला काही खर्च येत नाही.

ईमेल: गेला, पण पोचला का?

करारात मालकाचा ईमेल दिला असेल, तर त्याच पत्त्यावर आणि तुमच्याही करारातल्याच पत्त्यावरून पाठवा. ऑफिसच्या खात्यावरून नको. नोकरी सुटली की ते खातं बंद होतं आणि पुरावाही त्याच्याबरोबर जातो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ प्रमाणे, समोरच्याने ज्या पत्त्यावर पाठवा असं ठरवून दिलं आहे त्या पत्त्याच्या यंत्रणेत ईमेल शिरला की तो मिळाला असं धरलं जातं, मग त्याने उघडो वा न उघडो. ठरलेला पत्ता सोडून भलत्या पत्त्यावर पाठवलं, तर मात्र समोरचा तो ईमेल प्रत्यक्षात उघडून घेईल तेव्हाच तो मिळाला. करारातल्या पत्त्याचं महत्त्व एवढं आहे.

वाचल्याची पावती मागण्याच्या सोयीवर भिस्त ठेवू नका. वैयक्तिक जीमेल खात्यात ती नाहीच, आणि जिथे आहे तिथे समोरचा «नको» म्हणू शकतो. त्यापेक्षा ईमेलच्या शेवटी एक साधी ओळ लिहा: «मिळाल्याचं कळवावं, ही विनंती.» «ठीक आहे, पण किल्ली रविवारी द्या» असं अर्धवट उत्तर आलं, तरी पोच मिळाली. उत्तर न आल्यास चार दिवसांनी त्याच धाग्यात स्मरणपत्र पाठवा, नवा धागा सुरू करू नका.

दोन दिवस स्वतःची पेटी पाहत राहा. «मेलर-डेमन» नावाने काही परत आलं, तर पत्ता चुकीचा आहे किंवा पेटी भरलेली आहे, म्हणजे ईमेल पोचला नाही. असा बाउन्स झालेला ईमेल अनेकांच्या लक्षातच येत नाही, कारण पाठवलेल्यांच्या यादीत तो दिमाखात बसलेला असतो.

पुरावा म्हणून छापील स्क्रीनशॉट पुरेसा नाही. जीमेलमध्ये तो ईमेल उघडून तीन टिंबांच्या मेनूतून `Show original` निवडा आणि `Download original` ने फाइल उतरवा. त्या `.eml` फाइलमध्ये पाठवल्याची वेळ, पत्ते आणि जोडपत्र तसंच असतं. वाद खरोखर कोर्टात गेला तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ते तेव्हा वकील करून घेतो. आत्ता तुमचं काम फाइल जपायचं, एवढंच.

व्हॉट्सॲपचं काय, हा प्रश्न येतोच. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ नोटीस बजावली गेली असं मान्य केलं, कारण खुणांवरून ती पोचली आणि उघडलीही असं दिसत होतं. तेव्हा पत्राचा स्कॅन व्हॉट्सॲपवरही टाकाच. फक्त तो तिसरा मार्ग समजा. निळ्या खुणा बंद ठेवता येतात, आणि आपोआप पुसले जाणारे संदेश चालू असतील तर पुरावाच राहत नाही.

एक उदाहरण, तारखांसह

समजा पुण्यातला एक फ्लॅट, मालक नाशिकला. करार १ नोव्हेंबर २०२५ पासून अकरा महिने, भाडं ₹२४,०००, डिपॉझिट ₹७५,०००. लॉक-इन सहा महिने, म्हणजे ३० एप्रिल २०२६ पर्यंत. कलम म्हणतं, «त्यानंतर एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवता येईल, नोटिशीची मुदत ती मिळाल्यापासून.» भाडेकरूला ३१ मे रोजी निघायचं आहे.

त्याने एप्रिलच्या मध्यावर व्हॉट्सॲप केलं, मालकाने अंगठा दिला. महिनाअखेरीस फोनवर मात्र सूर बदलला, «लेखी काही आलेलं नाही.» मंगळवारी २८ एप्रिलला भाडेकरूने नोंदणीसह स्पीड पोस्ट केलं आणि तासाभरात स्कॅन ईमेल केला. गुरुवारी ३० तारखेला पोस्टमन नाशिकला दारात गेला, घर बंद. १ मे रोजी महाराष्ट्र दिन आणि त्या वर्षी बुद्ध पौर्णिमाही, सुट्टी. शनिवारी पुन्हा कोणी नाही. सोमवारी ४ मे रोजी पत्र मालकाच्या हातात पडलं, आणि ट्रॅकिंगवर तशी नोंद झाली.

आता मुदत ४ मेपासून. मिळाल्याचा दिवस मोजायचा नाही, आणि महिना म्हणजे दिनदर्शिकेतला महिना, म्हणून तो ४ जूनला संपतो. हे कळलं की भांडण एका महिन्याच्या भाड्याचं राहत नाही. वाद उरला १ ते ४ जून या चार दिवसांचा, म्हणजे दिवसाला ₹८०० प्रमाणे ₹३,२०० चा. पोचीची तारीख कागदावर नसती, तर मालक ₹२४,००० कापून मोकळा झाला असता आणि भाडेकरू अंगठ्याचा स्क्रीनशॉट घेऊन फिरत बसला असता.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. नोटीस लॉक-इन संपल्यावर, म्हणजे ४ मेला पोचली. कलमातल्या «त्यानंतर» या शब्दावरून वाद घालायला मालकाला वाव राहिला नाही. ती २९ एप्रिललाच पोचली असती, तर तो «लॉक-इनमधली नोटीस मी धरत नाही» असं म्हणू शकला असता. दुसरं, ईमेल २८ एप्रिलचा होता, पण करारात मालकाचा ईमेलच नव्हता. म्हणून त्यावरून तारीख ओढण्याचा आग्रह न धरता ४ मे धरणं शहाणपणाचं. त्या ₹३,२०० साठी भांडण्यापेक्षा ते वळते करून ₹७१,८०० परत मागणारं पत्र लिहा. वादाला हात लावायला जागा कमी मिळते.

ही उठाठेव टाळायची असेल, तर पत्र हव्या त्या तारखेच्या दीड महिना आधी टाका. पोस्टाच्या दोन चकरा, एखादी सुट्टी आणि एक परतीचा फेरा त्यात सामावतात.

पत्राचा मसुदा

लांबण लावू नका. भाडं का परवडत नाही, पाणी कसं येत नाही, हे या पत्रात नको. तक्रारी आल्या की मालक उत्तर तक्रारींना देतो आणि नोटीस बाजूला पडते.

> नोंदणीकृत स्पीड पोस्टाने आणि ईमेलने
> दिनांक: २८ एप्रिल २०२६
>
> प्रति, (करारात आहे तसं मालकाचं पूर्ण नाव आणि पत्ता, पिनकोडसह)
>
> विषय: लिव्ह अँड लायसन्स करार संपवण्याची नोटीस. दस्त क्रमांक (…), नोंदणी दिनांक (…), फ्लॅट क्रमांक आणि इमारत (…)
>
> महोदय,
> वरील करारातील कलम (…) प्रमाणे मी करार संपवण्याची ही एक महिन्याची लेखी नोटीस देत आहे. ही नोटीस आपणांस मिळाल्यापासून एक महिना पूर्ण होताच करार संपेल. त्या दिवशी फ्लॅटचा ताबा व चाव्या आपणांस किंवा आपण लेखी कळवाल त्या व्यक्तीस देण्यास मी तयार आहे. पाहणीसाठी सोयीची तारीख कळवावी. अनामत रक्कम ₹(…) करारातील अटींप्रमाणे वजावटीनंतर ताबा देतेवेळी परत करावी.
> नोटीस मिळाल्याचं कळवावं, ही विनंती.
>
> आपला,
> (नाव, सही, मोबाइल, नवा पत्ता)

दस्त क्रमांक लिहिल्याने हे पत्र कोणत्या कराराचं आहे, याबद्दल शंका राहत नाही. त्याच मालकाचे दोन फ्लॅट असतील तर तो गोंधळ खरोखर होतो. कराराचा शेवट ठराविक तारखेला न बांधता मिळाल्यापासून महिना असं लिहिलं आहे, ते मुद्दाम. तारीख चुकली की «या तारखेला मुदत पूर्ण होत नाही, म्हणून नोटीसच चुकीची» असा आक्षेप येतो. दोघे भाडेकरू करारावर असतील तर दोघांनी सही करायची, एकट्याची सही अपुरी.

नोटीस पक्की, पण ताबा?

नोटीस पोचल्याचा पुरावा हातात असूनही शेवटच्या दिवशी गाडी अडते. मालक चाव्या घ्यायला येतच नाही आणि पुढे म्हणतो, ताबा तुमच्याकडेच होता. मुदत संपल्यावरही राहणाऱ्या परवानाधारकाकडून दुप्पट आकार घेण्याची तरतूद महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे, आणि तिची धमकी दिली जाते. तेव्हा ताबा देण्यालाही तोच शिरस्ता. चाव्यांच्या संख्येसह ताबा पावती दोन प्रतींत, तारीख-वेळ घालून, मीटरचं वाचन लिहून. मालक आला नाही, तर रिकाम्या फ्लॅटचे फोटो आणि मीटरचा फोटो त्याच दिवशी ईमेलच्या त्याच धाग्यात टाका, चाव्या कुठे व कधी मिळतील ते लिहा, आणि त्याच मजकुराचं पत्र दुसऱ्या सकाळी पोस्टात द्या. चाव्या शेजाऱ्यांकडे ठेवायच्या असतील, तर मालकाने «त्यांच्याकडे ठेवा» असं लेखी कळवल्यावरच.